दीर्घ रजेआधीची हँडओव्हर मीटिंग: तारीख कशी ठरवायची, यादीत काय घ्यायचं आणि कोणाच्या नावावर टाकायचं

ऑफिसात कोणी लांब रजेवर जाणार असं कळलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. शेवटच्या दिवशी दुपारी चारला तासाभराची मीटिंग लावली जाते. रजेवर जाणारी व्यक्ती भराभर सांगत सुटते, समोरचे माना डोलावतात, कोणीतरी चार ओळी खरडून घेतं आणि पुढच्याच आठवड्यात पहिला फोन तिलाच जातो. यात कोणाचा आळस नसतो. सांगितलेलं काम करून बघायला दिवसच उरलेला नसतो, आणि काम करून बघेपर्यंत नेमकं काय विचारायचं हेही घेणाऱ्याला कळत नाही.

"तिचं हँडओव्हर जरा बघून घे" असं तुम्हाला पहिल्यांदाच सांगितलं गेलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. एका ऑफिसात पुरवठादारांची बिलं आणि वार्षिक करार बघणारी सहकारी आहे. ती चार महिन्यांच्या रजेवर जाणार आहे आणि तिचा कामाचा शेवटचा दिवस आहे शुक्रवार, २८ तारीख. तिचं काम दोघांत वाटलं जाणार आहे: लेखा विभागातली एक सहकारी आणि खरेदी विभागातला एक सहकारी. वर एक मॅनेजर आहेत आणि मीटिंग घडवून आणायची आहे तुम्ही.

तारीख कामाच्या फेरीवरून ठरवा

पहिला प्रश्न शेवटचा दिवस कोणता हा नाही. तिचं मुख्य काम कोणत्या फेरीत चालतं, हा आहे. आपल्या उदाहरणात फेरी महिन्याची आहे. २० तारखेपर्यंत बिलं स्वीकारली जातात. २१ला प्रत्येक बिल खरेदी आदेशाशी आणि माल मिळाल्याच्या नोंदीशी ताडून पाहिलं जातं. २४ला पैसे द्यायची यादी मंजुरीसाठी जाते, २५ला बँकेतून पैसे निघतात आणि २६ला बँकेच्या नोंदींशी सगळं जुळवलं जातं.

आता मीटिंग २७ला ठेवली, तर लेखा विभागातल्या सहकारीला सगळं ऐकायला मिळेल, पण पहिली फेरी ती एकटीने करील, तीही चार आठवड्यांनी. तोवर ऐकलेलं निम्मं विसरलेलं असणार. तीच मीटिंग बुधवारी १९ला ठेवली, तर दुसऱ्याच दिवशी फेरी सुरू होते, घेणारी ती स्वतःच्या हाताने करते आणि देणारी शेजारी बसलेली असते. अडलं तर तिथल्या तिथे विचारता येतं. २७ आणि २८ हे दोन दिवस राहून गेलेल्या गोष्टींसाठी मोकळे राहतात. माझ्या मते सगळ्या हँडओव्हरमधला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच: मुख्य कामाची एक पूर्ण फेरी मीटिंगनंतर पण रजेआधी बसली पाहिजे.

फेरी आठवड्याची असेल तर हे सोपं आहे, शेवटच्या दोन आठवड्यांत बसून जातं. फेरी तिमाही असेल तर नेहमी जमत नाही. मग मागच्या तिमाहीची कागदपत्रं घेऊन घेणाऱ्याने तेच काम कोरडं करून बघायचं. म्हणजे सगळ्या पायऱ्या करायच्या, फक्त शेवटचं 'पाठवा' बटण दाबायचं नाही.

आणखी एक काळजी. रजा बाळंतपणाची किंवा शस्त्रक्रियेची असेल तर तारीख पुढे-मागे होऊ शकते. आधी सुरू झाली तर कोणाचाच इलाज चालत नाही. म्हणून यादीचा कच्चा मसुदा शेवटच्या दिवसाच्या किमान दोन आठवडे आधी तयार असावा आणि तो तिच्या लॅपटॉपवर नव्हे, तर सगळ्यांना उघडता येईल अशा जागी असावा. ती उद्यापासून आलीच नाही तरी अर्धंमुर्धं का होईना, हातात काहीतरी असेल.

त्याआधी वीस मिनिटांची एक छोटी बैठक

१९ची मीटिंग ही खरं तर दुसरी. पहिली मंगळवारी ४ तारखेला घ्यायची, फक्त वीस मिनिटांची. त्यात तुम्ही, रजेवर जाणारी सहकारी आणि मॅनेजर एवढेच असावेत. कामं समजावून सांगायची ही वेळ नाही. इथे फक्त तीन गोष्टी ठरवायच्या: ढोबळमानाने कोणती कामं कोणाकडे जाणार, कोणत्या अधिकारांसाठी आजच अर्ज करावा लागेल आणि १९ तारखेला घेणारे दोघेही हजर आहेत का. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण घेणारी व्यक्ती स्वतःच त्या आठवड्यात रजेवर असल्याचं ऐनवेळी कळणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

अधिकारांचं मात्र याच दिवशी मार्गी लावा. बँकेच्या पोर्टलवर नवा वापरकर्ता जोडायचा तर अर्ज, सह्या आणि ओळखीची कागदपत्रं लागतात आणि बँक आपल्या वेळेने काम करते. हिशोबाच्या प्रणालीत भूमिका बदलायची तर आयटीकडे विनंती जाते, तिला कोणाची तरी मंजुरी लागते. हे सगळं १९ला सुरू केलं, तर २५ला पैसे पाठवताना लेखा विभागातली सहकारी रजेवर जाणाऱ्या सहकारीच्या लॉगिनवरून काम करताना दिसेल, आणि पुढचे चार महिने तेच चालू राहील. पासवर्ड देऊन वेळ मारून नेणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत वाईट मार्ग. नंतर एखाद्या व्यवहाराबद्दल विचारणा झाली, तर नोंद सांगेल की तो रजेवर असलेल्या माणसाने केला.

यादी: आठवून नको, शोधून

"तू करतेस त्या कामांची यादी दे" असं म्हटलं की बहुतेक जण आठ-दहा ओळी लिहून देतात. त्या खोट्या नसतात, पण त्यात फक्त रोजच्या आणि मोठ्या गोष्टी असतात. वर्षातून एकदा येणारं, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत पडलेलं आणि सवयीने आपोआप होणारं काम त्यात येत नाही. रजेत नेमकं तेच अंगावर येतं.

म्हणून यादी आठवून न लिहिता मागच्या खुणांवरून काढायची. तिच्याबरोबर तासभर बसा आणि कॅलेंडर बारा महिने मागे न्या. रजेचे जे चार महिने आहेत, तेच महिने गेल्या वर्षी तिने काय केलं ते महिन्यामागून महिना बघा. विम्याचं नूतनीकरण, वार्षिक देखभाल करार, लेखापरीक्षणासाठी दिलेली कागदपत्रं असं सगळं तिथे सापडतं. मग तिच्या पाठवलेल्या मेलमध्ये गेल्या तीन महिन्यांत कोणाला वारंवार मेल गेलेत ते चाळा. येणाऱ्या मेलपेक्षा पाठवलेले मेल खरं सांगतात, कारण तिने खरोखर काय केलं ते तिथे दिसतं. शेवटी तिच्या फोनमधली स्मरणपत्रं आणि टेबलावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. हसू नका, पुष्कळ ऑफिसांतली अर्धी व्यवस्था त्या चिठ्ठ्यांवर चाललेली असते.

आपल्या उदाहरणात असं बसल्यावर काय काय निघालं असतं ते बघा. दर महिन्याच्या १० तारखेला ती सगळ्या विभागांना "बिलं अडकवून ठेवू नका, २०च्या आत पाठवा" असा एक मेल टाकते. तो कोणाच्याही कामाच्या वर्णनात नाही. तो गेला नाही, तर २०ला निम्मीच बिलं येतील आणि नव्या माणसाला वाटेल की आपलंच काही चुकलं. एक सॉफ्टवेअर वर्गणी आहे, ती कंपनीच्या कार्डावरून दरवर्षी भरली जाते. रजेच्या तिसऱ्या महिन्यात ती येणार आहे आणि त्या वेळचा ओटीपी तिच्या स्वतःच्या मोबाइलवर येतो. एका पुरवठादाराचं बिल थांबवून ठेवलं आहे, कारण माल कमी आला होता. तो तेवढी रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट पाठवतो म्हणाला आहे, अजून पाठवलेली नाही. मूळ करारांच्या कपाटाची एक किल्ली तिच्या ड्रॉवरमध्ये आहे. आणि दर सोमवारची गोदामाबरोबरची ऑनलाइन बैठक तिच्या खात्यावरून लागते. तिचं खातं रजेत बंद ठेवलं, तर त्या बैठकीत बदल करायला कोणी उरणार नाही, आणि तिने स्वतःच ती मालिका रद्द केली, तर बैठक सगळ्यांच्या कॅलेंडरमधून गायब होईल. आयोजक बदलता येत असेल तर बदला, नाहीतर दुसऱ्याच्या नावाने नवी मालिका लावून जुनी संपवा.

आपोआप निघणारे अहवालही असेच तपासायला हवेत. दर सोमवारी सकाळी येणारी फाइल 'सिस्टीम पाठवते' असं सगळे धरून चालतात. पुष्कळदा ती कोणा एकाच्या खात्यावर लावलेली असते.

एक ओळ कशी लिहायची

यादी साध्या तक्त्यात ठेवा. रकाने फार नकोत: काम, पुढची तारीख, आज कुठवर आलंय, पुढचं पाऊल, कोणाकडे, तो नसेल तर कोण, कागद कुठे, बाहेरचा संपर्क. यातले दोन रकाने सगळ्यांत जास्त वेळा रिकामे राहतात: 'आज कुठवर आलंय' आणि 'पुढचं पाऊल'. काम म्हणजे काय हे घेणाऱ्याला बहुधा माहीत असतं. त्याला माहीत नसतं ते हे, की गाडी कुठल्या स्टेशनात उभी आहे.

लिफ्टच्या करारावर ती पहिल्यांदा अशी ओळ लिहील:

> लिफ्टचा देखभाल करार. नूतनीकरण करणे. फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये.

ही वाचून खरेदीतला सहकारी काहीच करू शकत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्याला सगळं कळलं असं त्याला वाटतं. तीच ओळ तिच्याशी बोलून अशी करून घ्या:

> लिफ्टचा वार्षिक देखभाल करार रजेच्या दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस संपतो. सोडायचा असेल तर एक महिना आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर तो आपोआप वर्षभर वाढतो. म्हणजे निर्णयाची खरी तारीख पहिल्या महिन्याची अखेर. नवं दरपत्रक मागवलं आहे, आलेलं नाही. १० तारखेपर्यंत न आल्यास फोन करायचा. पाठपुरावा: खरेदीतला सहकारी. चालू ठेवायचा की सोडायचा हा निर्णय: मॅनेजर. करार 'करार' फोल्डरमध्ये, मूळ प्रत कपाटात.

फरक लांबीचा नाही. पहिल्या ओळीत करार संपायची तारीखसुद्धा नव्हती. दुसरीत तिच्याही आधीची, म्हणजे ज्या दिवसापर्यंत काही करता येतं ती तारीख आली. करारांच्या बाबतीत नेहमी हीच शोधा: मुदत कधी संपते त्यापेक्षा हात कधी बांधले जातात.

प्रत्येक कामाला एवढी मोठी ओळ लागत नाही. महिन्याच्या १० तारखेच्या मेलसाठी "जुना मेल उघडून पुन्हा पाठवणे" एवढं पुरतं. वेळ कुठे घालवायचा हे ठरवायला एक साधी कसोटी आहे: हे काम एक आठवडा उशिरा झालं तर काय होईल? काहीच नाही, असं उत्तर आलं तर एका वाक्यात आटपा.

कोणाकडे: एका ओळीला एकच नाव

'कोणाकडे' या रकान्यात 'लेखा विभाग' असं लिहिलं, की ते काम कोणाकडेच गेलेलं नाही. नाव एकच हवं. दोघं मिळून करणार असतील तर ते काम दोन ओळींत तोडा आणि प्रत्येक ओळीला आपापलं नाव द्या.

करणं आणि मंजूर करणं हे वेगळं ठेवा. आपल्या उदाहरणात रजेवर जाणारी सहकारी ठरावीक रकमेपर्यंतची बिलं स्वतः मंजूर करते. आता बिलांची यादी लेखा विभागातली सहकारी बनवणार. मंजुरीही सोयीसाठी तिच्याकडेच दिली, तर यादी बनवणारी आणि ती मंजूर करणारी व्यक्ती एकच होते. चूक झाली तरी पकडणारं दुसरं कोणी उरत नाही आणि लेखापरीक्षक हे पहिल्या झटक्यात दाखवून देतील. म्हणून तो अधिकार तेवढ्या काळासाठी मॅनेजरकडे जायला हवा आणि तसा लेखी आदेश निघायला हवा. सुरुवातीची आणि शेवटची तारीख त्या आदेशातच असू द्या, म्हणजे ती परतल्यावर जुना अधिकार कोणाच्या तरी नावावर विसरून राहणार नाही.

मग येतो अवघड भाग. घेणाऱ्या दोघांची स्वतःची कामं आहेतच. तिचं पूर्ण वेळेचं काम दोघांच्या डोक्यावर ठेवलं, तर दोन महिन्यांत कुठेतरी फुटणार. यादीत तीन शेरे मान्य असल्याचं आधीच सांगून ठेवा: 'अमुककडे', 'ती येईपर्यंत थांबवलं' आणि 'बंद केलं'. पुरवठादारांची जुनी यादी साफ करण्याचं तिचं अर्धवट काम चार महिने थांबलं तरी बिघडत नाही. थांबवायचा किंवा बंद करायचा निर्णय मात्र मॅनेजरनेच घ्यायचा, तुम्ही नाही आणि रजेवर जाणाऱ्या सहकारीनेही नाही. म्हणूनच १९च्या मीटिंगला मॅनेजर हवेत. त्यांना सुरुवातीच्या अर्ध्या तासापुरतं बोलावलं तरी चालेल.

बोलावणं

निमंत्रण ४च्याच बैठकीनंतर पाठवून टाका, म्हणजे सगळ्यांची वेळ अडवली जाईल. पाच माणसं पुरेत: देणारी, घेणारे दोघं, मॅनेजर आणि तुम्ही. माहितीसाठी म्हणून आणखी चौघांना बोलावलं की चर्चा सगळ्यांना समजेल अशी वरवरची होते. त्यांना नंतर यादी पाठवा.

निमंत्रणाचा मजकूर असा ठेवता येईल:

> बुधवार, १९ तारीख, सकाळी १०.३० ते १२. बिलं आणि करारांच्या कामाचं हस्तांतरण. यादीचा मसुदा शुक्रवारी १४ला पाठवला जाईल. घेणाऱ्यांनी आपापल्या ओळी वाचून, न कळलेल्या ओळींपुढे प्रश्न लिहून यावं. पहिली तीस मिनिटं: नाव न ठरलेल्या आणि मंजुरीच्या ओळी (मॅनेजर उपस्थित). पुढची साठ मिनिटं: बाकी ओळी, तारखेच्या क्रमाने.

रजेचं कारण निमंत्रणात लिहू नका. 'दीर्घ रजा' एवढं पुरे. कोणाला किती सांगायचं हे तिचं तिने ठरवायचं.

१४ तारीख उगाच निवडलेली नाही. मसुदा आणि मीटिंग यांच्यामध्ये सोमवार-मंगळवार असे कामाचे दोन दिवस मिळतात. मसुदा आदल्या संध्याकाळी पाठवला, तर मीटिंगमध्ये सगळे तो पहिल्यांदाच वाचत बसतील.

मीटिंगमध्ये

क्रम तारखेचा ठेवा, महत्त्वाचा नाही. रजेच्या पहिल्या दहा दिवसांत जे येणार ते आधी. महत्त्वाच्या गोष्टी सगळ्यांना आधीच माहीत असतात. घोटाळा होतो तो पहिल्या आठवड्यात येणाऱ्या लहान गोष्टींवर.

प्रत्येक ओळ घेणाऱ्याने वाचायची, देणारीने नाही. ओळ वाचून झाली की त्याने पुढचं पाऊल स्वतःच्या शब्दांत सांगायचं. थांबवलेल्या बिलापाशी हे कसं उपयोगी पडतं बघा. लेखा विभागातली सहकारी वाचते, "बिल थांबवलेलं, क्रेडिट नोट येणार. म्हणजे क्रेडिट नोट आली की बिल पास करायचं."

"नाही, थांब," रजेवर जाणारी म्हणते. "आधी गोदामातून विचारून घे. पुरवठादाराने उरलेला माल मागाहून पाठवला असेल तर क्रेडिट नोट लागणारच नाही, आणि दोन्ही झालं तर आपण कमी पैसे देऊ."

"मग गोदामात कोणाला विचारायचं?"

ते यादीत नव्हतं. आता लिहिलं गेलं. देणारीच वाचत गेली असती, तर घेणारीने मान डोलावली असती आणि हा प्रश्न दोन महिन्यांनी पुरवठादाराच्या तक्रारीतून उगवला असता.

तुमचं काम घड्याळ आणि यादी सांभाळण्याचं. एका ओळीवर पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त गेली, तर ती समजावून सांगायची गोष्ट आहे, मीटिंगमध्ये मिटणारी नाही. त्या दोघांची वेगळी अर्ध्या तासाची वेळ ठरवा आणि पुढे चला. दुरुस्त्या तिथल्या तिथे, सगळ्यांना दिसतील अशा पडद्यावर, त्याच तक्त्यात करा. वेगळं इतिवृत्त लिहायची गरज नाही. दुरुस्त झालेली यादी हेच इतिवृत्त.

एक ओळ बहुतेक याद्यांत नसते, ती आवर्जून घाला. पुरवठादारांशी बोलणारा माणूस बदलला की "आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे या खात्यात पैसे पाठवा" असे मेल येण्याची शक्यता वाढते. ते खरे असू शकतात, फसवणुकीचेही असू शकतात. जुन्या माणसाला पुरवठादाराचा आवाज आणि लिहिण्याची ढब ओळखीची असते, नव्याला नसते. म्हणून यादीत स्पष्ट लिहा: खातं बदलायची विनंती आली तर आपल्या नोंदीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करायची, त्या मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नाही. आणि ती खात्री होईपर्यंत पैसे निघणार नाहीत, मग मेलमध्ये कितीही घाई लिहिलेली असो.

२० ते २६: घेणाऱ्याचे हात, देणारीचे डोळे

या दिवसांत एकच नियम कडक पाळा. माऊस घेणाऱ्याकडे. देणारी शेजारी बसेल, सांगेल, पण स्वतः करून दाखवणार नाही. "दे इकडे, मी पटकन करते" हे वाक्य प्रेमापोटी येतं आणि त्यातच एक पायरी हरवते.

लॉगिन चालतात का, हे २५ची वाट न बघता २०लाच बघून घ्या. नुसतं लॉगिन झालं म्हणजे झालं असं नाही. यादी बनवता येते का, ती मंजुरीसाठी पुढे जाते का, मॅनेजरच्या पडद्यावर ती दिसते का, इथपर्यंत तपासा. अधिकार आहे असं कागदावर असतं आणि नेमकं बटण करडं पडलेलं असतं, ही रोजची कथा. २०ला कळलं तर दुरुस्त करायला चार-पाच दिवस आहेत.

या फेरीत घेणारीने जितके प्रश्न विचारले, ते सगळे यादीतल्या त्याच ओळीखाली लिहून ठेवायला सांगा, उत्तरांसकट. पुढच्या महिन्यात तेच प्रश्न पुन्हा पडतात. आणि एकही प्रश्न आला नसेल, तर खूश होऊ नका. बहुधा काम अजून देणारीच करते आहे.

शेवटचे दोन दिवस

२७ला बाहेरच्यांना कळवायचं. पुरवठादारांना मेल रजेवर जाणारीने पाठवावा, घेणाऱ्याचा पत्ता सोबत ठेवून, म्हणजे पुढचं उत्तर आपोआप योग्य माणसाकडे जाईल. त्यात कोणत्या विषयासाठी कोण, एवढंच असावं: बिलांसाठी ही, करारांसाठी हा.

आपोआप जाणाऱ्या उत्तरातही नेमकं हेच हवं. "तातडीचं असल्यास माझ्या टीमशी संपर्क साधा" याने बाहेरच्या माणसाला काहीही कळत नाही. ऑफिसात बिलांसाठी सामाईक मेलपेटी असेल तर तोच पत्ता द्या. तिच्या वैयक्तिक मेलपेटीचा प्रवेश दुसऱ्याला देणं टाळा, त्यात तिच्या पगाराचे आणि तब्येतीचे मेलही येत असतात.

सॉफ्टवेअर वर्गणीचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येणार, हे २८च्या आत बदललेलं असावं. कपाटाची किल्ली कोणाच्या हातात दिली ते यादीत लिहा.

राहिला फोनचा प्रश्न. रजेत तिला फोन करायचा की नाही, हे आजच ठरवा आणि तिच्यासमोर ठरवा. वैद्यकीय किंवा बाळंतपणाच्या रजेत काम सांगण्यावर नियमांची बंधनं असू शकतात, तेव्हा मनुष्यबळ विभागाला विचारून घ्या. माझं मत विचाराल तर उत्तर 'नाही' असंच असावं. तिने स्वतः होऊन हो म्हटलं, तर एकच माणूस, फक्त मेसेज आणि उत्तर नाही आलं तरी काम थांबणार नाही अशी सोय. तो माणूस तुम्ही व्हा. दोघांनाही सांगून ठेवा की अडलं तर आधी यादी, मग तुम्ही. म्हणजे "सहज एक विचारायचं होतं" असे दहा फोन दहा ठिकाणांहून तिला जाणार नाहीत.

रजा सुरू झाल्यावर

पहिल्या सोमवारी पंधरा मिनिटं, मग दर महिन्याच्या फेरीनंतर पंधरा मिनिटं, घेणाऱ्या दोघांबरोबर बसा. काय झालं हे विचारण्यापेक्षा यादीत नसलेलं काय आलं, हे विचारा. पहिल्या महिन्यात असं काही ना काही निघतंच. ते नव्या ओळीने त्याच तक्त्यात टाका आणि नाव लावा.

ती परत यायच्या आठवड्याचं निमंत्रणही आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. पहिल्या दिवशी नको, त्या दिवशी तिचं लॉगिन सुरू करण्यातच सकाळ जाते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा आणि तीच यादी उलट दिशेने वाचा: कोणत्या ओळी तिच्याकडे परत जाणार, कोणत्या घेणाऱ्याकडेच राहणार आणि मॅनेजरच्या नावावरचा मंजुरीचा अधिकार कोणत्या तारखेला काढला जाणार. बिलांचं काम फेरीच्या मध्यावर परत देऊ नका. ती २२ तारखेला रुजू झाली, तर त्या महिन्याचे पैसे लेखा विभागातल्या सहकारीनेच पाठवावेत आणि २६ची जुळणी झाल्यावर काम हवाली करावं.